कुंडी पाहावी घेऊन

बाल्कनीत चार टोमॅटो लावायचं ठरवलं की पहिला प्रश्न टोमॅटोचा येतच नाही. जात कोणती, ऊन किती, रोप कुठून आणलं, याची कुणाला पडलेली नसते. 'कशात लावताय?' एवढंच विचारतात, आणि तुमच्या उत्तरावरून तुमचे संस्कार, सांपत्तिक स्थिती आणि पर्यावरणाबद्दलची आस्था जागच्या जागी ठरवून टाकतात.

आमच्या सोसायटीत याबाबत तीन पंथ आहेत. मातीवाले म्हणतात, कुंडीला श्वास घेता आला पाहिजे. ते बोलताना स्वतःही एक दीर्घ श्वास घेतात. प्लॅस्टिकवाले व्यवहारी. हलकी, स्वस्त, पडली तरी फुटत नाही, बदली झाली की ट्रकमध्ये एकात एक घालून नेता येते. सिमेंटवाले संख्येनं कमी, पण निष्ठेनं कडवे. 'एकदा घ्या, नातवंडं वापरतील,' असं ते सांगतात. नातवंडं भेंडी खातील की नाही याची खात्री नसलेल्या काळात हा आत्मविश्वास मला फार मोठा वाटतो.

आमच्या घरात मतदान झालं. मी माती, बायको प्लॅस्टिक, आणि आमच्याकडे मुक्कामाला असलेले सासरे सिमेंट. सासऱ्यांना मतदानाचा हक्क आहे का, हा मुद्दा मी मनातल्या मनात उपस्थित केला आणि तिथेच मागे घेतला. शेवटी तिन्ही आणायचं ठरलं. चौथा मजला, पश्चिमेची बाल्कनी, ऑक्टोबर महिना. तीन कुंड्या, तीन टोमॅटो, एकाच ट्रेमधली रोपं. आता दूध का दूध होणार होतं.

मातीची कुंडी घ्यायला कुंभारवाड्यात गेलो. कुंडी बोटानं वाजवून घ्यायची, एवढं ज्ञान मला होतं. नीट भाजलेली असेल तर टणकन वाजते, कच्ची असेल तर भद्द. कच्च्या कुंडीचे दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. मी इतक्या कुंड्या वाजवल्या की दुकानातल्या आजींनी शेवटी विचारलं, "भजनी मंडळाचे का हो तुम्ही?" कुंडी बांधून देताना त्या म्हणाल्या, "रातभर पाण्यात बुडवून ठेव. नाहीतर ती झाडाआधी सोताच पाणी पिईल." ही गोष्ट एकाही मातीवाल्यानं सांगितली नव्हती. कोरडी कुंडी पहिले काही दिवस मिश्रणातलं पाणी आपल्याच अंगात ओढते, आणि आपण रोपाकडे बघत बसतो की बिचारं का मान टाकतंय.

कुंडीपेक्षा जास्त भांडण तिच्यात काय भरायचं यावरून झालं.

समोर नव्या इमारतीचा पाया खणत होते. काळीभोर माती फुकट मिळत होती. फुकट आणि काळीभोर हे दोन शब्द एकत्र आले की मराठी माणूस शेतकरी होतो. वॉचमनला चहा पाजून मी दोन गोण्या वर आणल्या. काळी माती म्हणजे महाराष्ट्राचं वैभव, कापूस, ज्वारी वगैरे व्याख्यान मी लिफ्टमध्येच दिलं. शेतात ते सगळं खरंच आहे. पण ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. शेतात आकसली तर भेगा पडतात, त्यातून हवा खाली जाते, बिघडत काही नाही. कुंडीत आकसली की तिचा गोळा चारी बाजूंनी भिंत सोडून आत सरकतो. मग वरून ओतलेलं पाणी मातीत शिरायच्या भानगडीत पडत नाही. कडेच्या फटीतून सरळ खाली, भोकातून बाहेर.

मला वाटायचं, वा, निचरा काय सुंदर आहे! तांब्याभर पाणी घातलं की तांब्याभर पाणी खाली हजर. आतला गोळा मात्र विटेसारखा कोरडा. हे मला कळलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडून.

"तुमच्या झाडांना पाणी नको असेल तर घालता कशाला?"

"नको कशानं? पितायत की."

"पितेय माझी वाळत घातलेली पैठणी."

दोन गोण्या पुन्हा खाली गेल्या. वॉचमननं दुसरा चहा मागितला नाही, पण हसला.

मग आलं कोकोपीट. नारळाच्या सोडणाचा भुगा दाबून केलेली वीट, वजन ५ किलो. पाकिटावर लिहिलं होतं की पाण्यात फुलून ७० लिटरच्या आसपास होतं. पाकिटावरच्या मजकुरावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला राहिलेली नाही. मी वीट २० लिटरच्या बादलीत ठेवली, पाणी सोडलं आणि बातम्या बघायला गेलो. परत आलो तेव्हा बादलीला डोंगर फुटला होता, तो न्हाणीघराच्या जाळीवर सरकत होता आणि सासरे पंचा गुंडाळून दाराशी अंघोळीसाठी उभे होते. त्यांनी फक्त "सिमेंटला असं होत नाही," एवढंच म्हटलं.

त्याच आठवड्यात गुहागरहून आत्या आली होती. टबातला तो तपकिरी ढीग तिनं चिमटीत घेतला, हुंगला.

"हे सोडण ना रे?"

"कोकोपीट म्हणतात, आत्या."

"आमच्याकडे न्हाणीच्या चुलीत घालतात. केवढ्याला आणलंस?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. तरी तिनं देवाचं नाव घेतलं. पण कामाचं बोलली तीच. "खाऱ्या पाण्यात कुजत घातलेलं सोडण असलं तर मीठ उतरलेलं असतं त्यात. धुऊन घे." पाकिटावर 'धुतलेलं' असा शब्द नसेल तर भिजवायचं, पिळायचं, पाणी टाकून द्यायचं, आणि हे दोन-तीनदा करायचं. न धुता वापरलं की कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात आणि आपण उन्हाला दोष देतो. शिवाय कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळजवळ काहीच नसतं. ते पाणी धरतं, मुळांना हवा राहील इतकी पोकळी ठेवतं, बस्स. नुसत्या कोकोपीटमध्ये टोमॅटो लावणं म्हणजे पाहुण्याला उत्तम गादी घालून द्यायची आणि जेवायला वाढायचंच नाही.

अखेर आमचं मिश्रण ठरलं. दोन भाग धुतलेलं कोकोपीट, दोन भाग गांडूळखत, एक भाग चाळलेली लाल माती, आणि प्रत्येक कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. पेंड घातल्यावर आठवडाभर मिश्रण ओलसर ठेवून मग रोप लावायचं, कारण कुजताना पेंड तापते. परीक्षा सोपी. ओलं मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोटानं टोचलं की फुटावा. गोळा झालाच नाही तर पाणी धरणार नाही, फुटलाच नाही तर हवा धरणार नाही. एका रविवारी बाल्कनीत बसून आम्ही तिघं गोळे वळत आणि फोडत होतो, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या लोकांनी पडदे लावून घेतले.

तिन्ही कुंड्यांत हेच मिश्रण भरलं. आणि तळाशी, अर्थातच, विटांचे तुकडे. हा भाग कुणी विचारून करत नाही. आजोबांनी केला, वडिलांनी केला. निचरा होतो म्हणतात.

इथे शेजारच्या नानांचा प्रवेश झाला. नाना पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. खात्यात असताना पाण्यानं त्यांचं कधी ऐकलं नाही, त्यामुळे आता ते घरोघरच्या पाण्याला शिस्त लावतात.

"तुकडे कशाला घातलेत?"

"निचऱ्याला."

"निचरा कमी होतो त्यानं."

"नाना, माझे आजोबा—"

"वहिनी, भांडी घासायचा नवा स्पंज आहे का?"

पुढचा प्रयोग मी सांगतो तो करून बघा, कारण मीही हात बांधून अविश्वासानं बघत होतो. नानांनी स्पंज पाण्यात चिंब केला आणि तळहातावर आडवा धरला. थोडं पाणी गळलं आणि थांबलं. मग तोच स्पंज त्यांनी उभा केला. धार लागली. "बघा. पाणी तेवढंच, स्पंज तोच. उंची वाढली तसं आणखी पाणी सुटलं. तरी खालच्या बोटभर पट्ट्यात उरलंच ना? तो पट्टा प्रत्येक कुंडीच्या तळाशी असतो. बारीक मिश्रणातलं पाणी सहजासहजी खालच्या जाड तुकड्यांत उतरत नाही, मिश्रण पुरतं चिंब होईपर्यंत वरच लटकून राहतं. तुम्ही तळाला तीन बोटं विटा घातल्यात म्हणजे तो चिखलाचा पट्टा तीन बोटं वर, थेट मुळांपाशी आणून ठेवलात. कुंडी उगाच उथळ केलीत."

"मग भोकातून माती वाहून जाते तिचं काय?"

"एक खापरी. पालथी. भोकावर. झालं."

पिढ्यान्‌पिढ्यांचं विटांचं ज्ञान एका स्पंजनं धुऊन नेलं. बायकोला मात्र दुःख वेगळंच होतं. स्पंज नवा होता.

नानांनी जाता जाता सिमेंटची कुंडी बघितली आणि ते थबकले. चौदा इंची कुंडी, रिकामीच उचलायला मी आणि वॉचमन लागलो होतो. खिशातून पेन निघालं. कुंडी २५ किलो धरा. आत २० लिटर मिश्रण, ते कोकोपीटचं असेल तर ओलं झाल्यावर १७-१८ किलो, पण तीच नुसती बागेतली माती असती तर ३४ किलोच्या घरात. "अशा पाच कुंड्या कठड्याला ओळीनं लावल्यात, मातीनं भरून, तर झाले ३०० किलो. घराच्या बाल्कनीला आपल्या मानकात चौरस मीटरला साधारण तेवढाच भार धरतात. त्यात तुमची बाल्कनी पुढे आलेली. टोकाला ठेवलेलं वजन सगळ्यात वाईट. सिमेंटच्या कुंड्या भिंतीकडे सरकवा."

"भिंतीकडे ऊन येत नाही."

"तो प्रश्न माझ्या खात्याचा नाही," नाना म्हणाले.

एकच कुंडी होती, म्हणून ती राहिली. पण त्या रात्री सासरे बाल्कनीत गेले तेव्हा भिंतीला धरून चालत होते असं मला वाटलं.

डिसेंबरपर्यंत तिन्ही टोमॅटोंनी आपापलं म्हणणं मांडलं.

सिमेंटमधलं रोप पिवळं पडू लागलं. नेहमीसारखं खालची जुनी पानं नव्हे, तर शेंड्याची नवी पानं, आणि तीही अशी की शिरा हिरव्यागार आणि मधला भाग पिवळा. सासऱ्यांनी खत वाढवलं. पिवळेपणा कायम. मग आत्याचा फोनवरून सल्ला, मग ताक, मग दृष्ट. खरं कारण कुंडीतच होतं. नव्या सिमेंटमधून चुना पाझरत राहतो, मिश्रण अल्कधर्मी होतं, आणि मग लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. वर कितीही खत घाला, दाराला कुलूप तसंच.

यावर उपाय लावणीच्या आधीचा असतो. नवी कुंडी पाण्यानं काठोकाठ भरून ठेवायची, दोन-तीन दिवसांनी पाणी ओतून नवं भरायचं, आणि हे तीन आठवडे चालू ठेवायचं. चुना संपला का हे बघायची परीक्षा बायकोनं शोधली. कपड्यावर सांडलेली हळद साबण लागला की लाल होते, हे तिला लग्नाच्या हळदीपासून माहीत होतं. कागदावर ओली हळद चोळायची, वाळवायची आणि कुंडीत दोन दिवस मुरलेल्या पाण्याचा थेंब टाकायचा. डाग लाल झाला तर चुना अजून उतरतोय. पिवळाच राहिला तरी आणखी आठवडाभर पाणी बदलावं, कारण हळद बऱ्यापैकी तीव्र क्षारालाच लाल होते, थोड्याथोडक्याला दाद देत नाही. आमच्या कुंडीचा कागद कुंकवासारखा लाल झाला. रोप काढलं, कुंडी पाण्यावर बसवली. सासरे रोज सकाळी तिच्यापाशी जाऊन हळदीचा कागद बघत. इतक्या उत्सुकतेनं त्यांनी माझी पत्रिकाही बघितली नव्हती. पाऊस-पाणी खाल्लेली जुनी सिमेंटची कुंडी मिळाली तर हा सगळा सोहळा वाचतो, हे नंतर कळलं. म्हणजे नातवंडांनी वापरायची कुंडी खरं तर आजोबांनी विकत घेतलेली हवी, हा सिमेंटपंथाचा दावा अक्षरशः खरा निघाला.

प्लॅस्टिकमधलं रोप भर दुपारी मान टाकायचं. मान टाकली की कुणीतरी पाणी घालायचं. घरात माणसं तीन, प्रत्येकाला दया येणार, त्यामुळे दिवसाला तीन तांबे. तरी मान खालीच. बोट खुपसून बघितलं तर दुसऱ्या पेरापर्यंत चिखल आणि वास. प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाणी उडत नाही, जे जायचं ते वरून आणि भोकांतून. आणि भोकं? कुंडी उलटी केली तर तळाला चार सुबक गोल आखलेले होते. आखलेलेच. पाडायचे आपण. बायको म्हणाली, "तू बघितलं नाहीस?" मी म्हणालो, "मत तुझं होतं." पुढचा संवाद लेखाच्या विषयात बसत नाही.

मुळं तपकिरी, मऊ झाली होती. तापवलेल्या खिळ्यानं भोकं पाडली, मेलेली मुळं छाटली, आणि मिश्रणात एक भाग भाताचं तूस घालून ते मोकळं केलं. रोप वाचलं. पण फेब्रुवारी संपता संपता पश्चिमेच्या उन्हात ती काळी कुंडी हात लावू देईना. रोप पुन्हा वाकलं, तेही फक्त दुपारनंतर, आणि या खेपेला आत चिखल नव्हता. उन्हाकडची मुळं तापत होती. कुंडीला गोणपाट गुंडाळलं तेव्हा प्रश्न सुटला. काळ्याऐवजी पांढरी घेतली असती तर गोणपाटही लागलं नसतं. पण काळ्या रंगात धूळ दिसत नाही, हा आमचा खरेदीचा निकष होता.

आता माझी मातीची. तिचं रोप सगळ्यात देखणं. मुळं थंड, कारण भिंतीतून पाणी झिरपून उडत राहतं, माठ ज्या कारणानं गार असतो त्याच कारणानं. मी पाहुण्यांना बाल्कनीत नेऊन दाखवायचो. मग फळं आली, आणि प्रत्येक टोमॅटोच्या बुडाला काळा, खोलगट डाग. वरून लालचुटूक, उलटा केला की बघवत नाही. कुणी म्हणालं, कॅल्शियम कमी. झालं, शुद्ध शाकाहारी घरात अंड्याची टरफलं कुठून आणायची यावर मोहीम निघाली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पिशवी भरून दिली, पैठणीचं मनात न ठेवता. टरफलं कुंडीत महिनाभर तशीच पडून होती, टोमॅटो तसेच काळे.

नाना आले, कुंडीवर हात ठेवला, आणि विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मी. आठवणीनं."

"किती आठवणीनं?"

इथे माझा स्वभाव सांगावा लागेल. मी एक दिवस दोनदा पाणी घालतो आणि पुढचे दोन दिवस त्याच्या समाधानात असतो. मातीची कुंडी दुप्पट वेगानं सुकते, तिला हा स्वभाव परवडत नाही. मातीत कॅल्शियम पुरेसं असलं तरी ते पाण्यावर बसूनच फळापर्यंत जातं. पाणी खंडित झालं की फळाचं बूड, सगळ्यात शेवटचं स्टेशन, उपाशी राहतं. टरफलं कुजायला महिनोन्‌महिने लागतात, आणि कुजली तरी गाडीच बंद असेल तर माल पोचणार कसा? मिश्रणात एक भाग कोकोपीट वाढवलं, वर वाळक्या पानांचं दोन बोटं आच्छादन टाकलं, आणि सकाळी एकदा, कडक उन्हाळ्यात संध्याकाळीही, पाणी ठरवून दिलं. पुढची फळं स्वच्छ आली.

"म्हणजे सगळ्यात चांगली कुंडी कोणती, नाना?"

"पाणी घालणारा सांगा, कुंडी सांगतो."

यावर आम्ही घरात प्रामाणिक बैठक घेतली. विसराळू माणसाला प्लॅस्टिक, कारण ते ओल धरून ठेवतं. मायाळू माणसाला माती, कारण जास्तीचं पाणी भिंतीतूनही निघून जातं. सिमेंट त्याला, ज्याचा मुक्काम पक्का आहे आणि ज्याला तीन आठवडे नुसतं पाणी बदलत बसायचा धीर आहे. मत देताना आम्ही तिघांनीही आपापल्या स्वभावाच्या बरोबर उलट कुंडी निवडली होती. मी विसरभोळा आणि माती मागितली, बायको मायाळू आणि प्लॅस्टिक मागितलं, आणि सासरे, ज्यांना कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंतही धीर नसतो, त्यांनी सिमेंट.

आता अदलाबदल झाली आहे. गोणपाटातलं प्लॅस्टिक माझ्याकडे, त्यात मिरची. माती बायकोकडे. सिमेंटच्या कुंडीचा कागद पिवळा राहू लागल्यावर ती भिंतीकडे सरकवली आणि तिच्यात कमी उन्हात भागवणारा पालक पेरला. सासरे आपल्या गावी परतले असले तरी दर सणाला येतात, आणि आल्यापासून जाईपर्यंत दिसेल त्या झाडाला पाणी घालतात. त्यांची गाडी सुटल्याचा फोन आला की माझी मिरची चार दिवसांसाठी नानांच्या बाल्कनीत जाते. नाना तिला एक थेंबही पाणी घालत नाहीत, फक्त रोज बोट खुपसून बघतात आणि वहीत लिहून ठेवतात.